तूट किती, ती भरणार कशी?

अमेरिकेतल्या विद्यापीठाने कमी गुणांमुळे काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेश मागता येतो, हे आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना माहीत नसतं. पदवीच्या अभ्यासक्रमात सरासरी, म्हणजे जीपीए, साधारणपणे २.०च्या खाली गेली की आधी प्रोबेशनची ताकीद मिळते. पुढच्या सत्रातही ती सावरली नाही, तर डिसमिसलचं पत्र येतं. बहुतेक ठिकाणी एखादं-दोन सत्रं बाहेर राहून रीअ‍ॅडमिशनचा अर्ज करता येतो. तो प्राध्यापक आणि सल्लागारांच्या समितीपुढे जातो.

या अर्जासोबतचं निवेदन माफीनाम्यासारखं लिहिलं जातं. ‘मी खूप मेहनत करीन, एक संधी द्या.’ लिहिणाऱ्याचा पश्चात्ताप खरा असतो, पण समितीला त्यातून काहीच कळत नाही. नेमकं काय बिघडलं, आता काय बदललंय आणि हिशेब जुळतो का, हे तिला पाहायचं असतं.

हिशेब आधी घेऊ, कारण तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. समजा, पुण्याहून गेलेल्या एका मुलाने पहिल्या वर्षात ३० क्रेडिट घेतली आणि त्याची सरासरी १.५ आली. म्हणजे त्याच्याकडे ४५ गुणांक आहेत. २.०साठी ६० लागतात, तेव्हा तूट १५ची. कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र, प्रत्येकी ४ क्रेडिटचे हे दोन विषय त्यात नापास आहेत. परतल्यावर त्याने हेच दोन विषय पुन्हा घेऊन ‘बी’ मिळवला, तर २४ गुणांक वाढून ६९ होतात. विद्यापीठ जुनी श्रेणी हिशेबातून काढत असेल, तर ६९ला ३०ने भागायचं. सरासरी २.३ येते आणि मुलगा वाचतो. जुनी श्रेणीही मोजली जात असेल, तर ३८ने भागावं लागतं आणि उत्तर १.८वर अडकतं. एकाच मेहनतीची ही दोन फळं. म्हणून पुन्हा घेतलेल्या विषयाबद्दलचा आपल्या विद्यापीठाचा नियम अर्जापूर्वीच वाचायला हवा आणि योजनेत ही आकडेमोड मांडायला हवी. ‘सहा विषय घेऊन भरपाई करतो’ असं म्हणणारा अर्ज समितीला काळजीत टाकतो. जो चार विषयांत बुडाला, तो सहा कसे पेलणार?

मधल्या काळात कम्युनिटी कॉलेजमध्ये पूर्ण १२ क्रेडिट घेऊन चांगली श्रेणी मिळवणं हा भक्कम पुरावा ठरतो. फक्त एक ध्यानात ठेवावं: तिथली क्रेडिट सहसा मान्य होतात, पण श्रेणी मूळ विद्यापीठाच्या सरासरीत धरली जात नाही. त्यामुळे कुवत सिद्ध होते, तूट मात्र तशीच राहते.

आता कारण. समजा, या मुलाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं. तो रात्र-रात्र घरी फोनवर असायचा आणि सकाळचा कॅल्क्युलसचा तास बुडायचा. एवढं सांगून भागत नाही. वडिलांकडे आता कोण पाहतं, तास दुपारचा घेतलाय का, आणि पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तर तो कुणाकडे जाणार, हे लिहावं लागतं. आजाराचं कारण असेल तर आजारी होतो एवढंच सांगणारं प्रमाणपत्र अपुरं पडतं. विद्यार्थी आता परतायला तयार आहे आणि उपचार पुढे कुठे चालू राहतील, हे डॉक्टरांच्या पत्रात यायला हवं. मानसिक आजार लपवून ‘घरगुती अडचण’ लिहिण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. कारणच धूसर राहिलं, तर उपायही पटत नाही.

स्वतः रजा घेऊन गेलेल्यांचं परतणं पुष्कळदा एका फॉर्मवर होतं. पण चार-पाच वर्षांचा खंड पडला असेल, तर पदवीच्या अटी बदललेल्या असतात. अशा वेळी कोणते विषय अजून धरले जातील, हे विभागाकडून लेखी घ्यावं.

आपल्या मुलांना आणखी एक कडा चढावा लागतो, तो व्हिसाचा. डिसमिसलनंतर एफ-१ विद्यार्थ्याला अमेरिकेत राहण्यासाठी ६० दिवसांची सवलत मिळत नाही. ती अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांसाठी असते. सरकारी नोंद बंद होण्याआधी ती कम्युनिटी कॉलेजकडे हलवता येईल का, हे पत्र आल्याच्या दिवशीच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. पाच महिन्यांहून अधिक काळ शिक्षणाबाहेर, देशाबाहेर गेला, तर सहसा नवा आय-२० आणि नवं सेव्हिस शुल्क लागतं. परतल्यावर साधारणपणे सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, म्हणून हलक्या सत्राची योजनाही त्या मर्यादेतच बसवावी लागते.

मंजुरी बहुधा सशर्त असते. पहिल्या सत्रात समितीने ठरवलेली सरासरी गाठली नाही, तर पुन्हा काढलं जातं आणि काही विद्यापीठांत तिसरा अर्ज घेतच नाहीत. म्हणून तयारी खरोखर झालेली नसेल, तर अर्ज एका सत्राने पुढे ढकलणंच बरं.