टायरवरचा बाण कुठे बघतोय?

पावसाळ्यापूर्वी बरेच जण गाडीचे टायर अदलाबदल करून घेतात. मागचा उजवा पुढे डावीकडे, मागचा डावा पुढे उजवीकडे, अशी तिरपी फिरवाफिरव केली की टायर सारखे झिजतात. पण टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘रोटेशन’ हा शब्द आणि शेजारी बाण असेल, तर ही तिरपी अदलाबदल चालत नाही.

असा टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या नक्षीतल्या खाचा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असतात. व्हीचं टोक आधी रस्त्याला टेकतं आणि पाणी मधून दोन्ही कडांकडे फेकलं जातं. टायर उलटा फिरला की तेच पाणी कडांकडून मध्ये ढकललं जातं. कोरड्या रस्त्यावर हे सहसा जाणवत नाही, फार तर आवाज थोडा वाढतो. भर पावसात मात्र वेग वाढला की टायर पाण्यावर तरंगू लागतो, स्टिअरिंग अचानक हलकं होतं आणि तेव्हा ब्रेकचाही फारसा उपयोग होत नाही.

बाण वाचताना एक घोळ हमखास होतो. चाक थांबलं असताना बाण खालच्या बाजूला आला, तर तो डिकीकडे तोंड करून दिसतो आणि टायर उलटा बसवलाय असं वाटतं. खरं तर तो बरोबरच असतो. बाण चाकाच्या वरच्या भागात असेल तेव्हाच तो बॉनेटकडे बघायला हवा. बाण सापडला नाही तर गाडीसमोर उभं राहून पुढच्या चाकाची नक्षी बघा: व्हीचं टोक खाली दिसलं पाहिजे.

वर सांगितलेल्या तिरप्या अदलाबदलीत उजवीकडचं चाक डावीकडे जातं आणि बाण मागे वळतो. म्हणून असे टायर त्याच बाजूला, फक्त पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे. बाजू बदलायचीच असेल, तर टायर रिमवरून काढून उलटा चढवावा लागतो. स्टेपनीचंही तेच. ती एकाच बाजूला बरोबर बसते. दुसऱ्या बाजूला लावावी लागली, तर पंक्चर निघेपर्यंत, तेही हळू चालवत.

‘आउटसाइड’ लिहिलेल्या टायरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाहेरच्या कडेला मोठे, भरीव ठोकळे असतात, कारण वळणावर जोर तिथे येतो. आतल्या बाजूला पाण्यासाठी जास्त खाचा असतात. सोबत बाण नसेल, तर हा टायर डावीउजवीकडे कुठेही चालतो. दोन्ही बाजूंच्या खाचांचा तिरकेपणा एकमेकांविरुद्ध दिसला, तरी ती चूक नव्हे. इथे चूक होते ती टायर रिमवर चढवताना. म्हणून नवे टायर घेतल्यावर दुकानातून निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. बाहेरून ‘इनसाइड’ वाचता आलं, तर चाकं कितीही बदलली तरी उपयोग नाही. तो टायर रिमवरून काढून पुन्हा चढवून घ्या आणि नंतर बॅलन्सिंगही नव्याने करायला सांगा.