बॉस्टनची अठ्ठ्याऐंशी घरं आणि रिग्रेशनच्या दोन तपासण्या

अर्थशास्त्राच्या पदवीला शेवटच्या वर्षी प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत दोन प्रश्न बहुधा विचारले जातातच. मल्टिकोलिनिॲरिटी तपासली का? हेटरोस्केडॅस्टिसिटी तपासली का? प्रकल्पाच्या वहीत दोन्हींची उत्तरं एकाच पानावर, एकाच सुरात लिहिलेली असतात: ‘चाचणी केली, दोष आढळला नाही’ किंवा ‘दोष आढळला, दूर केला’. दोन्हींना एकाच जातीचे दोष समजण्याची ही सवय मला घातक वाटते. मल्टिकोलिनिॲरिटी असली तरी संगणकाने छापलेली प्रमाण त्रुटी खरी असते, ती फक्त आपल्याला हवी त्यापेक्षा मोठी असते. हेटरोस्केडॅस्टिसिटी असली की तीच प्रमाण त्रुटी खोटी ठरते, आणि तक्त्याकडे नुसतं पाहून ते कळत नाही.

हा फरक समजून घ्यायला एक जुनी, लहानशी माहिती फार उपयोगी आहे. जेफ्री वूल्ड्रिज यांच्या इकॉनोमेट्रिक्सच्या पाठ्यपुस्तकात hprice1 नावाची फाइल येते. ‘बॉस्टन ग्लोब’ या वर्तमानपत्राच्या घरविक्रीच्या पानांवरून १९९० साली गोळा केलेली ही बॉस्टन परिसरातल्या ८८ घरांची माहिती आहे. प्रत्येक घराची विक्रीची किंमत हजार डॉलरमध्ये, भूखंडाचं आणि घराचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, आणि झोपण्याच्या खोल्यांची संख्या, हे सगळं त्यात आहे. R मध्ये ती मोफत मिळते, म्हणून पुढचं सगळं कुणालाही घरी करून पाहता येईल.

```
library(wooldridge); library(car)
library(lmtest); library(sandwich)
m <- lm(price ~ lotsize + sqrft + bdrms, data = hprice1)
summary(m)
vif(m)
bptest(m)
coeftest(m, vcov = vcovHC(m, type = "HC1"))
```

किमतीचं या तीन गोष्टींवर रिग्रेशन केलं की घराच्या प्रत्येक चौरस फुटामागे सुमारे १२३ डॉलर, भूखंडाच्या प्रत्येक चौरस फुटामागे सुमारे २ डॉलर आणि प्रत्येक खोलीमागे जवळजवळ १४ हजार डॉलर असे गुणांक मिळतात. गुणांकाशेजारी त्याची प्रमाण त्रुटी छापलेली असते. दुसरी ८८ घरं हाती आली असती तर गुणांक साधारण किती इकडेतिकडे झाला असता, याचा तो अंदाज. गुणांकाला त्रुटीने भागलं की टी मिळतो, आणि तो ढोबळमानाने दोनच्या वर असला की आपण गुणांक सार्थ म्हणतो. खोल्यांचा गुणांक १३.८५ आणि त्रुटी ९.०१, म्हणून टी फक्त १.५४. इथे विद्यार्थी लगेच लिहितो: मोठ्या घरात खोल्या जास्त, म्हणून ही मल्टिकोलिनिॲरिटी.

पण ती किती आहे हे मोजता येतं. खोल्यांची संख्या बाकीच्या दोन चलांवरून कितपत ओळखता येते, त्याचं वेगळं रिग्रेशन करायचं. त्याचा आर-वर्ग एकातून वजा करायचा आणि एकाला त्या उरलेल्या आकड्याने भागायचं. हा झाला व्हीआयएफ. इथे तो खोल्यांसाठी १.४ येतो. याचा अर्थ, इतर चलांशी असलेल्या संबंधामुळे त्रुटीचा वर्ग १.४ पट झाला, म्हणजे त्रुटी १.४ च्या वर्गमुळाइतकी, सुमारे १८ टक्क्यांनी फुगली. हा संबंध अजिबात नसता आणि बाकी सगळं तेच असतं, तर त्रुटी ७.६ च्या आसपास आली असती आणि टी १.८ वर अडला असता. दोनचा उंबरठा तरीही ओलांडला गेला नसता. खोलीची किंमत नीट कळत नाही याचं मोठं कारण घरं कमी आहेत, हे आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आर्थर गोल्डबर्गर यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता: नमुना लहान असला तरी त्रुटी तशीच फुगते, मग पुस्तकं एका कारणावर अख्खं प्रकरण का लिहितात आणि दुसऱ्याबद्दल गप्प का बसतात?

आता उलटं पाहू. याच फाइलमध्ये assess नावाचाही एक रकाना आहे, विक्रीआधी झालेल्या सरकारी मूल्यांकनाचा. किंमत, मूल्यांकन आणि दोन्ही क्षेत्रफळं यांचे लॉग घेऊन रिग्रेशन केलं की गुणांक टक्क्यांत वाचता येतात. मूल्यांकन बाहेर ठेवलं तर घर १ टक्क्याने मोठं असेल तेव्हा किंमत ०.७० टक्क्याने जास्त दिसते आणि त्रुटी ०.०९ असते. मूल्यांकन आत घेतलं की हाच गुणांक उणे ०.१० होतो आणि त्रुटी ०.१४ वर जाते. मोठं घर स्वस्त? चिन्ह उलटं आलं की घाबरून एखादं चल काढून टाकायचं, हा प्रकल्पांतला नेहमीचा प्रकार. गंमत म्हणजे इथेही घराच्या क्षेत्रफळाचा व्हीआयएफ १० च्या आतच राहतो, म्हणजे पाठ केलेल्या नियमाप्रमाणे सगळं ठीकच म्हणायचं.

खरी गोष्ट अशी की प्रश्नच बदलला आहे. मूल्यांकन करणाऱ्याने क्षेत्रफळ आधीच हिशेबात धरलेलं असतं. ते मूल्यांकन समीकरणात ठेवल्यावर क्षेत्रफळाचा गुणांक सांगतो की ‘मूल्यांकन सारखं असलेल्या दोन घरांत मोठं घर किती महाग’. त्या प्रश्नाचं उत्तर शून्याच्या जवळ असणं अगदी रास्त आहे, आणि त्रुटी पाहता उणे ०.१० शून्यापेक्षा वेगळं म्हणताही येत नाही. मूल्यांकन कितपत अचूक होतं हे तपासायचं असेल तर चल ठेवा. चौरस फुटाची किंमत हवी असेल तर ते मुळात घ्यायलाच नको होतं. हा निर्णय अर्थशास्त्राचा आहे. व्हीआयएफचा आकडा तो घेऊन देत नाही. पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिरातींवरून प्रकल्प करणाऱ्याने कार्पेट एरिया आणि ‘किती बीएचके’ ही दोन्ही चलं घेतली, तर त्यालाही आधी याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

दुसरी तपासणी मात्र टाळता येणारी नाही. रिग्रेशनची नेहमीची प्रमाण त्रुटी एक गोष्ट गृहीत धरते: रेषेपासून घरांचं विचलन सगळीकडे सारख्याच पसाऱ्याचं आहे. स्वस्त घराची किंमत अंदाजापेक्षा वीस-तीस हजारांनी हुकते आणि बंगल्याचीही तेवढ्यानेच हुकते, असं मानण्यासारखं हे आहे. प्रत्यक्षात महाग घरांची किंमत जास्त हुकते. पसारा असा बदलत गेला की ती हेटरोस्केडॅस्टिसिटी. गुणांकाचा अंदाज यामुळे एका बाजूला झुकत नाही, बिघडते ती त्रुटी. पहिलं काम म्हणून अंदाजित किंमत आडव्या अक्षावर आणि अवशेष उभ्या अक्षावर घेऊन ठिपके काढा. उजवीकडे ठिपके पंख्यासारखे पसरत असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

ट्रेव्हर ब्रॉइश आणि एड्रियन पेगन यांची १९७९ ची चाचणी हीच शंका आकड्यात मांडते. अवशेषांचे वर्ग घ्यायचे आणि त्यांचं त्याच तीन चलांवर रिग्रेशन करायचं. पसारा सगळीकडे सारखा असेल तर ही चलं त्या वर्गांबद्दल काहीच सांगू शकणार नाहीत. आपल्या ८८ घरांत या दुसऱ्या रिग्रेशनचा आर-वर्ग ०.१६ येतो. त्याला ८८ ने गुणलं की १४.०९. काय-वर्गाच्या तक्त्यात तीन चलांसाठी ५ टक्क्यांची मर्यादा ७.८१ आहे. पी-मूल्य ०.००३ च्या आसपास येतं, म्हणजे सारख्या पसाऱ्याचं गृहीतक टिकत नाही.

यावर हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० मध्ये दिलेला मार्ग आज सर्वत्र वापरला जातो. गुणांक तेच ठेवायचे, पण त्रुटी प्रत्येक घराच्या स्वतःच्या अवशेषावरून नव्याने काढायची. वरच्या शेवटच्या ओळीतलं HC1 म्हणजे तिचंच एक रूप. परिणाम पाहण्यासारखा आहे. भूखंडाची त्रुटी ०.०००६४ वरून ०.००१२५ होते आणि टी ३.२ वरून १.६५ वर येतो. ‘भूखंडाचा परिणाम अत्यंत सार्थ’ हे वाक्य खोडावं लागतं. खोल्यांची त्रुटी मात्र थोडी कमी होते, ९.०१ वरून ८.४८. म्हणजे खोटी त्रुटी नेहमी लहानच असते असं नाही.

इथेच थांबू नका. HC1 च्या जागी HC3 लिहून पाहा. लहान नमुन्यासाठी हे रूप अधिक सुरक्षित मानतात. भूखंडाची त्रुटी आता ०.००७१ होते आणि टी ०.२९ पर्यंत कोसळतो. एवढी उडी का? भूखंडाचा रकाना उतरत्या क्रमाने लावा, कारण पहिल्याच ओळीत दिसेल. निम्म्या घरांचे भूखंड साडेसहा हजार चौरस फुटांच्या आत आहेत आणि एका घराचा आहे ९२,६८१ चौरस फुटांचा. एखादं घर रेषेला स्वतःकडे किती ओढू शकतं याचं माप, ज्याला लेव्हरेज म्हणतात, या घरासाठी ०.८ च्या आसपास भरतं. ८८ घरांची सरासरी आहे ०.०४५. भूखंडाच्या किमतीबद्दल आपण जे म्हणत होतो त्यातलं बरंचसं या एका घरावर उभं होतं. चाचणीचा निकाल वाचून थांबणाऱ्याला हे घर कधी भेटतच नाही.

किंमत आणि क्षेत्रफळांचे लॉग घेतले की चित्र बदलतं. ब्रॉइश-पेगनचा आकडा ४.२२ वर येतो आणि पी-मूल्य ०.२४ होतं. भूखंडाचा गुणांक ०.१६८, त्रुटी ०.०३८, म्हणजे टी चारच्या वर. लॉगमुळे तो अवाढव्य भूखंड बाकीच्यांच्या जवळ आला आणि महाग घरांचा मोठा पसारा टक्क्यांच्या हिशेबात आवरला. घरांच्या किमतीबद्दल आपण एरवी बोलतोही टक्क्यांतच, म्हणून हे रूप केवळ चाचणी पास होते म्हणून नव्हे, अर्थाच्या दृष्टीनेही जास्त पटतं. तरी पी-मूल्य ०.२४ आलं म्हणून ‘हेटरोस्केडॅस्टिसिटी नाही’ असं लिहू नये. ८८ घरांत ती सापडली नाही, एवढंच म्हणता येतं.

एक व्यवहाराची सूचना. R मधलं bptest वर सांगितलेली पद्धत वापरतं. Stata मधलं estat hettest मात्र काही पर्याय न दिल्यास अवशेषांचे वर्ग अंदाजित किमतीशी जोडतं आणि त्रुटी नॉर्मल वितरणाची आहे असं मानतं. त्यामुळे एकाच माहितीवर दोन मैत्रिणींचे आकडे जुळत नाहीत आणि दोघींचंही बरोबर असतं. म्हणून प्रकल्पात चाचणीचं नाव, वापरलेली आज्ञा आणि त्रुटीचं रूप स्पष्ट लिहा, आणि नेहमीची व व्हाइटची त्रुटी तक्त्यात शेजारीशेजारी छापा. परीक्षकांनीही ‘तपासलं का?’ एवढं विचारून पान उलटू नये. त्या दोन रकान्यांत फरक का पडला, हे विद्यार्थ्याकडून ऐकावं.