फुंकर मारा, पोटातला जिवाणू पकडा

दोस्तांनो, समजा तुमच्या काकांचं पोट महिनाभर सारखं दुखतंय. डॉक्टर त्यांना एक छोटीशी कॅप्सूल गिळायला देतात, दहा मिनिटं बसवून ठेवतात आणि मग म्हणतात, "आता या फुग्यात फुंका." झाली तपासणी! नळी नाही, सुई नाही. त्या फुंकरीवरून कळतं की काकांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे की नाही.

हा जिवाणू मोठा चिवट. जठरातल्या आम्लात बहुतेक जिवाणू मरून जातात, पण हा युरिएज नावाचं विकर तयार करतो. ते विकर युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अमोनियामुळे जिवाणूच्या भोवतालचं आम्ल नरम पडतं आणि तो तिथे सुखाने राहतो. आता गंमत बघा. आपल्या स्वतःच्या पेशींना युरिएज बनवताच येत नाही. म्हणजे कॅप्सूलमधून गिळलेला युरिया जठरात फुटला, तर तो फोडणारा कोणीतरी परका तिथे नक्की आहे!

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जिवाणू शोधला. जठराच्या सुजेचं कारण हाच आहे, हे दाखवायला मार्शल यांनी १९८४ साली तो चक्क पिऊन टाकला आणि ते आजारी पडले. या शोधासाठी दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. श्वासाची ही चाचणी तयार करण्यातही मार्शल यांचा मोठा वाटा आहे.

पण आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड तर नेहमीच असतो. त्यातला युरियातून आलेला ओळखायचा कसा? त्यासाठी कॅप्सूलमधल्या युरियात कार्बन-१४ घातलेला असतो. हा कार्बनचा किरणोत्सारी भाऊ. युरिया फुटला की हा कार्बन वायूत जातो, वायू रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून फुग्यात. प्रयोगशाळेत फुग्यातली हवा एका रंगीत द्रावणातून सोडतात. पुरेसा वायू शोषला गेला की द्रावणाचा रंग उडतो. मग त्यात दुसरा एक द्रव मिसळतात. कार्बन-१४चा अणू फुटला की त्या द्रवात प्रकाशाची बारीकशी चमक उठते आणि यंत्र त्या चमका मोजतं. एका प्रचलित चाचणीत मिनिटाला ५०पेक्षा कमी अणू फुटले तर जिवाणू नाही, २०० किंवा जास्त फुटले तर आहे. मधला आकडा आला तर ठाम काही सांगता येत नाही. काकांचा आकडा ६४० आला, तर निदान पक्कं!

चाचणी फसूही शकते. कॅप्सूल चावली तर तोंडातले जिवाणूच युरिया फोडतात आणि आकडा उगाच वाढतो. उलट, नुकतीच अँटिबायोटिक्स किंवा आम्ल कमी करणारी औषधं घेतली असतील, तर जिवाणू असूनही आकडा कमी येतो. म्हणून ती औषधं आधी काही आठवडे थांबवावी लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

"किरणोत्सारी गोष्ट गिळायची?" असं तुमच्या मनात आलंच असेल. कॅप्सूलमध्ये दर सेकंदाला सुमारे ३७ हजार अणू फुटतात. आकडा मोठा वाटतो ना? पण मोठ्या माणसाच्या शरीरात मुळातच कार्बन-१४ असतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो हवेत तयार होतो, तिथून झाडांत आणि झाडांतून आपल्या भाकरीत येतो. त्याचे दर सेकंदाला साडेतीन हजारांच्या आसपास अणू आपल्या आत फुटतच असतात, तेही जन्मभर. कॅप्सूलमधला कार्बन साधारण दहापट असला, तरी तो पाहुणा आहे. त्यातला बहुतेक श्वासावाटे आणि लघवीवाटे काही दिवसांत निघून जातो.

कार्बन-१४चे निम्मे अणू फुटायला ५,७३० वर्षं लागतात. हे ऐकून घाबरू नका, कारण याचा अर्थ तो अतिशय सावकाश फुटतो. सगळे अणू तीन दिवस पोटात राहिले, तरी दहा लाखांतला जेमतेम एक फुटेल. बाकीचे न फुटताच बाहेर जातात. आणि जो फुटतो, त्यातून निघणारा इलेक्ट्रॉन इतका दुबळा असतो की शरीरात तो एक मिलिमीटरही जात नाही.

सगळा हिशोब केला, तर जिवाणू असलेल्या माणसालाही या चाचणीतून सुमारे ३ मायक्रोसिव्हर्ट एवढाच किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून आपल्याला सरासरी अर्ध्या दिवसात तेवढा मिळतोच.

तरीही लहान मुलांना आणि गरोदर बायकांना शक्यतो कार्बन-१३ची चाचणी देतात. तो कार्बन किरणोत्सारी नाही, फक्त किंचित जड आहे. तो मोजायला वेगळं यंत्र लागतं, पण फुंकर मात्र तशीच मारायची असते.