अर्ध्याहून जास्त आयन वर न्यावेच लागतात का? तीन पातळ्यांचा रुबी आणि चार पातळ्यांचा एनडी-याग लेसर

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला एक साधा प्रश्न विचारला होता. समोर टेबलावर एनडी-यागचा रॉड होता. सर म्हणाले, "लेसर चालू असताना यातले किती टक्के निओडिमियम आयन वरच्या पातळीत असतात?" मी बेधडक उत्तर दिलं, "पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त, सर. म्हणजेच तर पॉप्युलेशन इन्व्हर्जन." सर हसले आणि म्हणाले, "हे रुबीचं उत्तर झालं. मी यागबद्दल विचारतोय."

खरं उत्तर होतं दहा हजारांत साधारण तीन! तेव्हा मी चक्रावलोच. हा एवढा फरक कुठून येतो, ते आज नीट बघूया.

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ

स्फटिकातल्या आयनाकडे योग्य रंगाचा फोटॉन आला की दोन गोष्टी होऊ शकतात. आयन खालच्या पातळीत असेल तर तो फोटॉन गिळतो आणि वर जातो. आयन आधीच वर असेल तर तो खाली येतो आणि येताना अगदी तसाच दुसरा फोटॉन देतो. यालाच उत्तेजित उत्सर्जन म्हणतात. एका आयनापुरतं बघितलं तर या दोन्ही घटनांची शक्यता सारखीच असते. म्हणून प्रकाश वाढणार की घटणार हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: वर जास्त आयन आहेत की खाली? वर जास्त असले की झालं पॉप्युलेशन इन्व्हर्जन.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझी चूक तिथेच झाली होती. तुलना "वरची पातळी विरुद्ध एकूण आयन" अशी नसते. ती "वरची पातळी विरुद्ध लेसरची खालची पातळी" अशी असते. ती खालची पातळी नेमकी कुठे आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फक्त दोनच पातळ्या असतील तर काम होतच नाही. प्रकाश टाकून आयन वर न्यायला लागलात की तोच प्रकाश त्यांना खालीही आणतो. कितीही जोर लावला तरी गाडी निम्मे-निम्मेवर अडते. म्हणून किमान तिसरी पातळी लागते.

रुबी: तीन पातळ्यांचा खेळ

रुबी म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात थोडंसं क्रोमियम. लेसरच्या रॉडमध्ये क्रोमियम ऑक्साइडचं प्रमाण वजनाने फक्त ०.०५ टक्के असतं, तरी एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे १.६ × १०¹⁹ क्रोमियम आयन भरतात.

हे आयन हिरवा आणि जांभळा-निळा प्रकाश रुंद पट्ट्यांत शोषतात. फ्लॅश दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशातला चांगला वाटा त्यामुळे उपयोगी पडतो. वर गेलेला आयन तिथे टिकत नाही. उरलेली ऊर्जा स्फटिकाला उष्णता म्हणून देऊन तो झटकन थोड्या खालच्या पातळीवर घसरतो. इथे मात्र तो सरासरी ३ मिलिसेकंद थांबतो. अणूंच्या जगात हा फार मोठा मुक्काम आहे. तिथून तो ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देत थेट मूळ पातळीवर येतो.

"थेट मूळ पातळीवर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. लेसरची खालची पातळी हीच मूळ पातळी, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळे आयन तिथेच बसलेले असतात. त्यामुळे वर जास्त आयन हवेत तर निम्म्याहून अधिक गर्दी तिथून उचलावीच लागते.

घरच्या टाक्यांचं उदाहरण घ्या. खाली भरलेली टाकी, गच्चीवर रिकामी टाकी. गच्चीवर खालच्यापेक्षा जास्त पाणी हवं असेल तर अर्ध्याहून जास्त पाणी वर चढवावं लागेल. दुसरा मार्गच नाही.

याच कारणामुळे १९५९मध्ये आर्थर शॉलो यांच्यासारख्या जाणकारालाही रुबीची ही लाल रेषा लेसरसाठी सोयीची वाटली नव्हती. थिओडोर मेमन यांनी मात्र आकडेमोड करून पाहिलं की फोटोग्राफीच्या फ्लॅश दिव्याचा झटका पुरेसा तीव्र असतो. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी रुबीतून जगातला पहिला लेसर चालवून दाखवला.

एनडी-याग: मधली पातळी रिकामीच

आता यागकडे येऊ. याग म्हणजे यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट. त्यात साधारण १ टक्का यिट्रियमच्या जागी निओडिमियम बसवलेलं असतं. हा लेसर १९६४मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिल्यांदा चालला.

इथे आयन ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून वर जातो, झटकन लेसरच्या वरच्या पातळीवर घसरतो आणि सुमारे २३० मायक्रोसेकंद थांबतो. मग १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देऊन खाली येतो. पण तो मूळ पातळीवर येत नाही. तो एका चौथ्या पातळीवर उतरतो, जी मूळ पातळीच्या सुमारे ०.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे.

हे अंतर मोठं की छोटं? मोजपट्टी आहे तापमानाची. खोलीच्या तापमानाला kT म्हणजे सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे ही पातळी kTच्या दहापट उंचीवर आहे. नुसत्या उष्णतेने तिथे पोचणारे आयन लाखात दोन-तीनच. शिवाय लेसरमुळे तिथे उतरलेला आयन नॅनोसेकंदाच्याही आत मूळ पातळीवर निघून जातो.

टाक्यांच्या भाषेत सांगायचं तर गच्चीवरचं पाणी आता मधल्या मजल्यावरच्या, तळाला मोठं भोक असलेल्या बादलीत पडतंय. बादली कायम रिकामी. गच्चीवर एक तांब्या पाणी नेलंत तरी ते बादलीपेक्षा जास्तच! इन्व्हर्जन जवळजवळ पहिल्या आयनापासूनच सुरू होतं.

आता हिशेब करून बघू

दोन्हींचा ६ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर लांब रॉड घेऊ. आकारमान सुमारे २.१ घन सेंटीमीटर. आरसे आणि इतर कारणांनी एका पूर्ण फेरीत साधारण १५ टक्के प्रकाश जातो असं धरू. लेसर सुरू व्हायला एवढी तूट भरून निघाली पाहिजे.

रुबीत निम्मे आयन वर नेले की रॉड फक्त पारदर्शक होतो, म्हणजे गिळतही नाही आणि वाढवतही नाही. तेवढ्यासाठीच दर घन सेंटीमीटरमागे सुमारे २.३ जूल, म्हणजे पूर्ण रॉडमध्ये जवळपास ५ जूल ऊर्जा साठवावी लागते. तूट भरायला त्यावर आणखी दोन-तीन टक्के आयन पुरतात. गंमत बघा, खरं काम त्या शेवटच्या दोन-तीन टक्क्यांचं. आधीचे पन्नास टक्के हा नुसता प्रवेश फी.

यागमध्ये ही प्रवेश फी नाही. तीच तूट भरायला दर घन सेंटीमीटरमागे सुमारे ३.६ × १०¹⁶ आयन वर लागतात. एकूण आयन १.३८ × १०²⁰ आहेत, म्हणजे दहा हजारांत तीनपेक्षाही थोडे कमी. साठवायची ऊर्जा पूर्ण रॉडमध्ये मिळून १५ मिलिजूलच्या आसपास. रुबीपेक्षा तीनशे पटींहून कमी!

मग लेसर अखंड चालवायलाही रुबीला तीनशे पट शक्ती लागेल का? नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. रुबीचा आयन ३ मिलिसेकंद वर टिकतो, यागचा त्याच्या तेराव्या हिश्शाइतकाच. यागची बादली उथळ आहे, पण गच्चीची टाकीही जास्त गळते. गळती भरून काढत राहायला या रुबी रॉडने सतत साधारण २ किलोवॅट प्रकाश शोषला पाहिजे, तर यागने सुमारे ८० वॅट. फरक पंचवीसपट उरतो. तोही पुरेसा मोठा आहे. २ किलोवॅट पेनाएवढ्या रॉडमध्ये सतत ओतले तर ती उष्णता काढायची कशी? म्हणून रुबी बहुतेक वेळा झटक्याझटक्याने चालवतात आणि याग आरामात अखंड चालतो.

प्रत्यक्ष कुठे अडतं आणि ओळखायचं कसं

रॉडची दोन्ही टोकं पकडीत असतात आणि दिव्याचा प्रकाश तिथे पोचत नाही. यागमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, कारण प्रकाश न मिळालेला याग १०६४ नॅनोमीटरला पारदर्शकच असतो. रुबीत मात्र अंधारात राहिलेला प्रत्येक सेंटीमीटर लेसरचाच सुमारे १८ टक्के प्रकाश गिळतो. तोही एका वेळेस, आणि एका फेरीत प्रकाश तिथून दोनदा जातो.

यातूनच एक सोपी चाचणी मिळते. पंप बंद ठेवून स्फटिकातून त्याच्याच लेसर तरंगलांबीचा मंद प्रकाश सोडा. तो शोषला गेला तर खालची पातळी भरलेली आहे, म्हणजे तीन पातळ्यांचा प्रकार. सुरळीत पार झाला तर चार पातळ्यांचा.

पण निसर्ग असे कप्पे पाळत नाही. यटरबियम घातलेल्या यागमध्ये १०३० नॅनोमीटरच्या लेसरची खालची पातळी मूळ पातळीच्या फक्त तीन kT वर आहे. खोलीच्या तापमानाला तिथे पाचेक टक्के आयन आधीच असतात. म्हणून प्रवेश फी द्यावी लागते, पण निम्म्याची नाही, पाच-सहा टक्क्यांची. स्फटिक तापला की ती वाढते आणि लेसर मंदावतो. उलट, द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड केला की खालची पातळी जवळजवळ रिकामी होते, आणि तोच स्फटिक चार पातळ्यांच्या लेसरसारखा वागू लागतो!

तरीही लोक यटरबियम का वापरतात? कारण ९४० नॅनोमीटरने पंप करून १०३० मिळवताना प्रत्येक फोटॉनमागे जेमतेम ९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. एनडी-यागमध्ये ८०८ वरून १०६४ला येताना २४ टक्के जाते. खालची पातळी मूळ पातळीपासून जितकी उंच, तितकी इन्व्हर्जन स्वस्त. पण त्या उंचीवरून आयन शेवटी खाली येतो तेव्हा ती ऊर्जा स्फटिक तापवण्यातच जाते.

त्या दिवशी सरांनी मला गुण दिले की नाही, आठवत नाही. पण आता कुणी "इन्व्हर्जन म्हणजे अर्ध्याहून जास्त" असं म्हणालं की मी आधी विचारतो: खालची पातळी जमिनीपासून किती kT वर आहे?