मोठी धार आधी, बारीक धार नंतर

उसाच्या सरीत पाणी सोडताना बहुतेक जण धार बारीक ठेवतात. हळू गेलं की चांगलं मुरतं, असा त्यामागचा समज. मुरतं हे खरं, पण कुठे? पाटाकडच्या तोंडाला. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत तोंडाशी जमीन तासन्‌तास ओली राहते आणि तिथलं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. वर ते दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कोणी मांडत नाही.

एक उदाहरण घेऊ. सरी शंभर मीटर लांब आहे, दोन सऱ्यांत एक मीटर अंतर आहे आणि जमीन मध्यम पोताची आहे. या पाळीला 60 मिलिमीटर ओल हवी आहे, म्हणजे सरीमागे 6,000 लिटर पाणी. एवढी ओल जिरायला या जमिनीला दोन तास लागतात असं धरू. जमीन सुरुवातीला भराभर पाणी पिते, मग तिचा वेग उतरत जातो.

सेकंदाला पाऊण लिटरच्या आतबाहेर धार सोडली, तर पाणी टोकाला जायलाच दोन तासांच्या आसपास जातात. टोकाला पुरेशी ओल व्हायला आणखी दोन तास. तोपर्यंत तोंडाशी चार तास पाणी उभं राहिलेलं असतं आणि तिथे 60 ऐवजी जवळपास 85 मिलिमीटर मुरतं. हीच धार सेकंदाला दोन लिटर केली, तर पाणी साधारण अर्ध्या तासात टोकाला पोचतं. मग तोंडाला अडीच तास मिळतात, टोकाला दोन, आणि ओलीत फारसा फरक उरत नाही. अभियंते म्हणूनच एक ठोकताळा सांगतात: हवी तेवढी ओल जिरायला जितका वेळ लागतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात पाणी टोकाला गेलं पाहिजे.

धार किती मोठी करायची, हे उतार ठरवतो. 0.6 ला उताराच्या टक्क्यांनी भागलं की माती न वाहता सोडता येणारी धार लिटर प्रतिसेकंदात मिळते. शंभर मीटरला 30 सेंटिमीटर उतार, म्हणजे 0.3 टक्के, त्याला दोन लिटर चालतात. उतार 0.6 टक्के असेल तर एकच. हा आकडा अंदाजाचा आहे. सरीतलं पाणी गढूळ होऊन तळ खरवडू लागलं, तर आकडा काहीही सांगो, धार कमी करा. मोजण्यासाठी सरीच्या तोंडाशी पाइपचा तुकडा बसवून खाली खड्ड्यात दहा लिटरची बादली ठेवा. ती पाच सेकंदांत भरली, की दोन लिटर.

खरी गफलत यानंतर होते. पाणी टोकाला पोचल्यावरही दोन लिटरची धार तशीच चालू ठेवली आणि टोक उघडं असलं, तर अडीच तासांत 18,000 लिटर आत जातं. त्यातलं जेमतेम साडेसहा हजार मुरतं, उरलेलं बांधाबाहेर, जाताना माती आणि विरघळलेलं खत घेऊन. त्याऐवजी पाणी टोकाला लागताच धार सुमारे 0.6 लिटरवर आणली, तर एकूण पाणी आठ हजारांच्या आत राहतं. मोटार सेकंदाला सहा लिटर देत असेल, तर आधी तीन सऱ्या पूर्ण धारेने चालवा. पाणी टोकाला लागलं की त्यांची दारं आवळा आणि सुटलेल्या चार लिटरवर पुढच्या दोन सऱ्या धरा. यात दारं धरणारा माणूस जागेवर हवा. वीज रात्रीची असेल तर हे जमणं अवघड, आणि बहुतेक वाया जाणारं पाणी अशाच रात्री वाहतं.

टोकं बांधलेली असतील, तर दारं आवळत बसण्यापेक्षा पाणी वेळेत तोडणं सोपं. पण ते सपाट रानातच साधतं. वरच्या उताराच्या सरीत टोकाला तुंबून पाणी वरंबा फोडतं, नाहीतर ऊस पाण्यात उभा राहतो. काळ्या भेगाळ रानाची तऱ्हा वेगळी. भेगा पाणी गपकन घेतात, भरल्या की जमीन जवळपास घेणंच थांबवते. तिथे पाणी टोकाला पोचायची वाट पाहू नका. सरीच्या पाऊण अंतरावर काठी रोवा आणि पाणी तिथे आलं की दार मोडून पुढच्या सरीला द्या. सरीत साठलेलं पाणी उरलेली वाट स्वतः चालतं.

काठीची जागा बरोबर आहे का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. लोखंडी सळई तोंडाशी, मध्ये आणि टोकाला दाबून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्याला अडते. टोकाला वीतभरच गेली आणि तोंडाला दीड हात, तर पुढच्या पाळीला धार वाढवा. टोकाला पाणी तुंबलेलं दिसलं, तर काठी पाच-दहा मीटर मागे घ्या.