मराठी महाजाल-मजकुराची गाळणी व द्विरुक्तिनिरसन

लँग्वेज मॉडेल किंवा भाषा प्रारूप ही प्रचंड मजकुरावर पुढचा शब्द ओळखण्याचा सराव करून भाषा आत्मसात करणारी संगणकीय प्रणाली होय. या पहिल्या सरावाला पूर्वप्रशिक्षण म्हणतात. त्यासाठी लागणारा मजकूर मुख्यतः महाजालावरील पानांतून घेतला जातो. मात्र तो जसाच्या तसा वापरला जात नाही. पानाची भाषा ओळखणे, निकृष्ट पाने वगळणे, अक्षरांची साफसफाई करणे आणि पुन्हा पुन्हा आलेला मजकूर काढून टाकणे अशा पायऱ्यांतून तो जातो. यांतील शेवटच्या पायरीला द्विरुक्तिनिरसन म्हणतात. या पायऱ्यांचे नियम बहुतांशी इंग्रजी मजकूर समोर ठेवून घडले. त्यामुळे मराठीच्या बाबतीत कचऱ्यासोबत काही मोलाचा मजकूरही गळून जातो.

== कच्चा मजकूर ==

बहुतेक सार्वजनिक संचांचा उगम ‘कॉमन क्रॉल’ या २००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी ना-नफा संस्थेच्या साठ्यात आहे. ही संस्था ठरावीक काळाने महाजालावरील अब्जावधी पाने उतरवून सर्वांसाठी खुली ठेवते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८.३ कोटी लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. तरीही या साठ्यात मराठी पानांचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. इंग्रजीतील काही लाख पाने चुकून गळाली तरी त्यांची उणीव अन्य पाने भरून काढतात. मराठीत एखाद्या विषयावर मुळात दोन-चारच पाने असतात, म्हणून तीच चूक येथे महाग पडते.

== भाषा ओळखणे ==

पहिल्या पायरीत एक छोटा वर्गीकारक पानाची भाषा ठरवतो व आपल्या उत्तराची खात्री आकड्यात देतो. खात्री ठरावीक मर्यादेखाली असल्यास पान वगळले जाते. मराठी, हिंदी, नेपाळी व संस्कृत या भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात, म्हणून शब्दांच्या छोट्या तुकड्यांवरून त्यांच्यात भेद करावा लागतो. ग्रामीण बोलीतील संवाद, हिंदी अवतरणांनी भरलेला लेख किंवा रोमन लिपीत लिहिलेली मराठी अशा ठिकाणी खात्री घसरते.

याहून मोठी हानी जुन्या फाँटांमुळे होते. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी पाने अशा फाँटांत तयार झाली, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने `ejkBh` असा साठवला जातो. फाँट बसवलेला असेल तर वाचकाला तो शुद्ध मराठी दिसतो. वर्गीकारकाला मात्र तो कोणत्याच भाषेतला वाटत नाही. फाँटाचे नाव ओळखून आधी रूपांतर केले, तरच असा मजकूर वाचतो.

== ओळींच्या लांबीचा नियम ==

गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये १०१ भाषांसाठी तयार केलेल्या एमसी४ या संचात मराठीचाही समावेश आहे. त्याच्या आधीच्या, केवळ इंग्रजी असलेल्या सी४ संचात विरामचिन्हाने संपणाऱ्या ओळीच ठेवल्या होत्या. सर्व भाषांत इंग्रजीसारखी विरामचिन्हे नसल्यामुळे एमसी४ साठी हा नियम बदलण्यात आला. पानात किमान २०० अक्षरांच्या निदान तीन ओळी असल्या पाहिजेत, असा नवा निकष ठरला. येथे ‘ओळ’ म्हणजे मूळ मजकुरात पुढची ओळ सुरू होईपर्यंतचा भाग. त्यामुळे गद्यातील एक संपूर्ण परिच्छेदही एकच ओळ ठरू शकतो.

मेनूची यादी, बटनांवरील शब्द व जाहिराती यांनी भरलेली पाने वगळण्यास हा निकष उपयुक्त आहे. मात्र पद्याची ओळ त्यात बसत नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या अभंगांचे एखादे पान घेतले, तर प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर असतो आणि तो २०० अक्षरांच्या जवळपासही पोहोचत नाही. पानावर अभंग दहा असोत वा शंभर, एकही ओळ निकषाला उतरत नाही आणि पान पूर्णपणे बाद होते. जात्यावरच्या ओव्यांची पानेही याच कारणाने गळतात. त्याच अभंगांवर लिहिलेला लांब परिच्छेदांचा निबंध मात्र सहज टिकतो. परिणामी संचात मूळ रचनेपेक्षा तिच्यावरील भाष्य अधिक उरते.

== अक्षरांची साफसफाई ==

साफसफाईच्या पायरीत न दिसणारी चिन्हे बहुधा सरसकट काढली जातात. मराठीत अशा एका चिन्हावर अर्थ अवलंबून असतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. या जोड्यांतील दुसऱ्या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. पुढील पहिल्या दोन ओळी त्या दोन रीती दाखवतात. तिसरी ओळ ‘दर्या’मधील जोडाक्षराची आहे.

```
U+0930 U+094D U+200D U+092F
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+092F
```

पहिल्या ओळीतील `U+200D` हे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह आहे. ते काढले की पहिली ओळ तिसरीसारखी होते आणि दऱ्यांचा दर्या होतो. शब्द शुद्धच दिसत असल्यामुळे ही चूक शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही. उलट, ही दोन रूपे एकसारखी करून घेतली नाहीत, तर एकच लेख दोन रीतींनी टंकलेला असल्यास तंतोतंत जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेला ते दोन वेगळे लेख वाटतात. म्हणून चिन्ह नुसते न काढता पहिल्या रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करणे हा योग्य मार्ग ठरतो.

== द्विरुक्तिनिरसन ==

महाजालावर एकच बातमी अनेक ठिकाणी उतरवलेली असते. इंग्रजी सी४ संचात ६१ शब्दांचे एक वाक्य ६०,००० हून अधिक वेळा आढळले होते. असा मजकूर राहिल्यास प्रारूप तो तोंडपाठ करते, म्हणून द्विरुक्ती काढणे आवश्यक असते. अडचण ‘जवळजवळ सारखी’ पाने ठरवताना येते.

त्यासाठी पानाचे लागोपाठच्या काही शब्दांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडतात. दोन पानांतील सामायिक तुकड्यांना दोहोंतील एकूण भिन्न तुकड्यांनी भागले की त्यांचे साम्य मिळते. पूर्णा तालुक्यातील दोन गावांच्या पानांचे पहिले वाक्य असे असू शकते: ‘चुडावा हे महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यातील एक गाव आहे.’ दुसऱ्या पानावर फक्त ‘चुडावा’च्या जागी ‘ताडकळस’ येते. या ११ शब्दांच्या वाक्याचे तीन-तीन शब्दांचे ९ तुकडे पडतात. त्यांपैकी ८ सामायिक असतात आणि एकूण भिन्न तुकडे १० होतात. म्हणजे साम्य ०.८० आहे.

कोट्यवधी पानांची अशी जोडीजोडीने तुलना अशक्य असल्यामुळे मिनहॅश ही अंदाजाची पद्धत वापरतात. प्रत्येक तुकड्याला सूत्राने एक संख्या दिली जाते आणि पानातील सर्वांत लहान संख्या जपली जाते. दोन पानांची ही लघुतम संख्या एकच येण्याची शक्यता त्यांच्या साम्याइतकी असते. २०२४ मधील फाइनवेब या इंग्रजी संचासाठी पाच शब्दांचे तुकडे घेऊन अशा ११२ संख्या काढल्या व त्यांचे आठ-आठचे १४ गट केले. कोणत्याही एका गटातील आठही संख्या जुळल्या की पाने द्विरुक्त मानली जातात. साम्य `s` असल्यास पकडले जाण्याची शक्यता पुढीलप्रमाणे असते.

```
1 - (1 - s^8)^14
```

आता २०० शब्दांच्या साच्यातील दोन गावपृष्ठे घेऊ. हवामान, पर्जन्य व नागरी सुविधा यांविषयीची वाक्ये दोन्हींत एकच आहेत. फक्त गावाचे नाव मजकुराच्या मध्ये चार वेळा बदलते. पाच शब्दांचे १९६ तुकडे पडतात, त्यांपैकी २० बदलतात, १७६ सामायिक राहतात आणि एकूण भिन्न तुकडे २१६ होतात. साम्य ०.८१ येते व पकडले जाण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. येथपर्यंत निर्णय रास्त आहे, कारण दुसऱ्या पानात नवे काहीच नाही.

समजा, एका गावकऱ्याने आपल्या गावाच्या पानात मध्येच एक वाक्य घातले: ‘गावच्या जुन्या बारवेवरील शिलालेख दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, असे येथील वृद्ध सांगतात.’ या काल्पनिक वाक्यात १२ शब्द आहेत. त्या पानाचे तुकडे आता २०८ होतात, सामायिक तुकडे १७२ उरतात आणि साम्य ०.७४ वर येते. तरीही पकडले जाण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के राहते. द्विरुक्त ठरलेल्या पानांच्या गटातून सामान्यतः एकच पान ठेवले जाते आणि कोणते ठेवायचे हे बहुधा त्यातील माहिती पाहून ठरत नाही. तालुक्यातील कितीतरी गावांची पाने एकाच साच्यातील असल्यास नेमके हेच पान ठेवले जाण्याचा संभव थोडा असतो. अशा रीतीने दुसरीकडे कोठेही न लिहिलेले ते एकमेव वाक्य नाहीसे होते.

पानाऐवजी परिच्छेदांची तुलना केली तर ते वाक्य स्वतंत्र परिच्छेदात असल्यास टिकते. पण साच्याचे परिच्छेद गेल्यामुळे ते गाव कोणते, हा संदर्भ तुटू शकतो. द्विरुक्त परिच्छेद काढल्यावर पानाचे शीर्षक सोबत राखणे, अथवा गटातून सर्वाधिक वेगळा मजकूर असलेले पान निवडणे, हे यावरील उपाय आहेत.

== हानीची तपासणी ==

अंतिम संच वाचून हानी कळत नाही, कारण जे गेले ते तेथे नसतेच. त्यासाठी वगळलेले प्रत्येक पान कोणत्या पायरीवर व कोणत्या नियमाने गेले, याची नोंद ठेवावी लागते. मग प्रत्येक पायरीवरील वगळलेल्या पानांतून शंभरेक पाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून मराठी जाणणाऱ्याने वाचली, तर चुकीचे प्रमाण दिसते. गद्य, पद्य, बोलीतील मजकूर व जुन्या फाँटांतील पाने यांचे टिकण्याचे प्रमाण वेगवेगळे मोजले, तर कोणता नियम कोणावर अन्याय करतो हेही स्पष्ट होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुभाषी पाहणीत भाषा जाणणाऱ्यांनी संचांतील नमुने प्रत्यक्ष वाचले, तेव्हा काही भाषांच्या नावाखालील संचांत वापरण्याजोगा मजकूरच नसल्याचे आढळले. ती तपासणी उरलेल्या मजकुराची होती. वगळलेल्या मजकुराची तपासणी करायची, तर तो आधी जपून ठेवावा लागतो.