तीव्र मध्यम का खटकतो?

मिरजेच्या तंबोऱ्याचा षड्ज सेकंदाला 240 आंदोलनांचा असेल, तर त्यातून तिप्पट आंदोलनांचा, म्हणजे 720 चा स्वयंभू स्वरही उमटतो. पंचम 360 चा. त्याची दुप्पट नेमकी 720. दोघे एकजीव होतात.

तीव्र मध्यम मात्र 337.5 वर. त्याची दुप्पट 675, ती 720 शी घासते आणि कानाला खरखर जाणवते. पाश्चात्त्यांचा ट्रायटोन तो हाच.

पण खरखर म्हणजे दोष नव्हे! यमनमध्ये हाच स्वर पंचमाकडे ओढ लावतो, म्हणून गोड लागतो. ब्लूजमध्ये त्याला विसावा द्यायची घाईच नसते. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना तर 2016 च्या अभ्यासात सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच आवडले.

तंबोऱ्यावर तीव्र मध्यम धरा, मग पंचमावर या. फरक लगेच कळेल.